मुलाची नाडी १३० दाखवतेय: ऑक्सिमीटर आणि घड्याळावरचा आकडा कसा वाचायचा

कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर बऱ्याच घरांत अजून औषधांच्या डब्यात आहे. तेव्हा तो आजीआजोबांच्या बोटाला लागायचा, आता नातवंडांच्या लागतो. मी मुलांच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केलं आहे, त्यामुळे इथे नाशिकच्या इंदिरानगरात आमच्या बिल्डिंगमधून रात्री उशिरा जे फोन येतात ते बहुतेक एकाच आकड्याबद्दल असतात. "ताई, ऑक्सिजन ९८ आहे, पण नाडी १३० दाखवतेय. नॉर्मल तर ६० ते १०० असते ना?"

६० ते १०० हे मोठ्या माणसाचं माप आहे. यंत्राच्या डब्यातल्या कागदावर तेच छापलेलं असतं आणि नाडी मोजणाऱ्या घड्याळातला अलार्मही बहुधा त्याच हिशेबाने लावलेला असतो. चार वर्षांच्या मुलीला त्या मापात बसवलं, तर ती तापात दर वेळी आजारी हृदयाची ठरेल. दहा वर्षांचा मुलगा गाढ झोपेत ५८ वर गेला, तर आईबाप त्याला हलवून उठवतील. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत.

लहान हृदय जोरात का पळतं

मिनिटाला किती रक्त पुढे जातं हे दोन गोष्टींवर ठरतं: एका ठोक्यात किती रक्त बाहेर पडतं आणि मिनिटाला ठोके किती पडतात. मोठ्या माणसाचं हृदय स्वस्थ बसलेलं असताना एका ठोक्याला साधारण ७० मिली रक्त ढकलतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं हृदय जेमतेम चार-पाच मिली, म्हणजे औषधाच्या लहान चमच्याएवढं. त्यात बाळाचं शरीर वाढत असतं, त्यामुळे वजनाच्या मानाने त्याला आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रक्तपुरवठा लागतो. बाळाच्या हृदयाचा स्नायू अजून कडक असतो, एका ठोक्यात फार जास्त रक्त भरून घेणं त्याला जमत नाही. गरज वाढली की ठोके वाढवणं हाच त्याच्याकडचा मुख्य उपाय असतो. म्हणून ताप, रडणं, भूक, भीती, सगळ्याचा परिणाम आधी नाडीवर दिसतो.

नाडीचा वेग सगळ्यात जास्त जन्माच्या दिवशी असतो असं वाटतं, पण तो साधारण एक महिन्याच्या सुमारास असतो, सरासरी १४५ च्या आसपास. त्यानंतर तो उतरत जातो आणि दोन वर्षांच्या सुमारास ११३ च्या घरात येतो. "जन्मली तेव्हा कमी होती, महिन्याभरात वाढली कशी?" असं विचारणाऱ्या आईला एवढं सांगितलं तरी पुरतं.

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मुलांसाठीच्या जीवरक्षण प्रशिक्षणात जे आकडे वापरतात, ते असे. पहिला पल्ला मूल जागं असताना, दुसरा झोपेत.

- एक महिन्यापर्यंत: १०० ते २०५, झोपेत ९० ते १६०
- एक महिना ते एक वर्ष: १०० ते १८०; झोपेत ९० ते १६०
- १ ते २ वर्षं: ९८ ते १४०, झोपेत ८० ते १२०
- ३ ते ५ वर्षं: ८० ते १२०, झोपेत ६५ ते १००
- ६ ते ११ वर्षं: ७५ ते ११८, झोपेत ५८ ते ९०
- १२ वर्षांपुढे: ६० ते १००, झोपेत ५० ते ९०

म्हणजे मोठ्यांचं माप बाराव्या वर्षाच्या आसपास लागू होतं, त्याआधी नाही. हे पल्ले ताप नसलेल्या, स्वस्थ मुलाचे आहेत. तापाचं गणित वेगळं, ते पुढे येतं.

आकडा खरा आहे का, हे आधी बघा

घरी झालेल्या घाबरगुंडीत यंत्राचा वाटा मोठा असतो. ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात. `SpO2` किंवा `%` असं लिहिलेला ऑक्सिजनचा, आणि `PR`, `PRbpm` किंवा हृदयाचं चिन्ह असलेला नाडीचा. बटण दाबलं की बऱ्याच यंत्रांचा पडदा फिरतो, वरचा आकडा खाली जातो. मुलाची नाडी ९० असताना "ऑक्सिजन ९० वर आला" म्हणून रिक्षा काढलेलं घर मला माहीत आहे. आकड्याच्या जागेवर जाऊ नका, शेजारचं अक्षर वाचा.

बाजारातला चिमटा मोठ्यांच्या बोटासाठी बनवलेला असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाचं बोट त्यात आतपर्यंत पोहोचत नाही, बाजूने उजेड शिरतो आणि आकडा नाचतो. अशा वेळी अंगठा किंवा पायाचा अंगठा लावून पाहता येतो. तान्ह्या बाळाला मात्र हा चिमटा लावूच नये. त्यांच्यासाठी दवाखान्यात पट्टीसारखा चिकटणारा वेगळा सेन्सर असतो. नखाला नेलपॉलिश असेल किंवा लग्नाची मेंदी बोटाच्या टोकापर्यंत भरलेली असेल, तर दुसरं बोट घ्या. संक्रांतीच्या आधीच्या दिवसांत निफाडकडचा गारठा शहरातही उतरतो, तेव्हा पहाटे मुलांची बोटं बर्फासारखी असतात. गार बोटात रक्त कमी येतं आणि यंत्राला धड ठोका सापडत नाही. हात आपल्या तळव्यात धरून ऊब द्या, मग चिमटा लावा.

लावल्यावर लगेच आकडा वाचू नका. पडद्यावर नाडीची लाट किंवा वर-खाली होणारी दांडी असते, ती एका तालात हलू लागेपर्यंत थांबा. अर्धा मिनिट तरी जातं. मूल हात झटकत असेल, तर दिसणारा आकडा हाताच्या झटक्यांचा असतो, हृदयाचा नसतो.

तरीही शंका राहिली तर हाताने मोजा. माझा भरवसा यावरच जास्त आहे. एक वर्षाच्या आतल्या बाळाची नाडी दंडाच्या आतल्या बाजूला, काखेच्या आणि कोपराच्या मधोमध, दोन बोटांनी हलकं दाबून लागते. मोठ्या मुलाची मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. अगदीच सापडेना तर डाव्या छातीवर तळहात ठेवा, बारीक मुलांत ठोका सरळ हाताला लागतो. मोजताना स्वतःचा अंगठा वापरू नका, त्यात आपलीच नाडी जाणवते. लहान मुलात पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणलं, तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते.

इथे मराठीची एक अडचण आहे. नाडी १३० ने पळत असताना "एकशे सव्वीस, एकशे सत्तावीस" म्हणेपर्यंत पुढचे दोन ठोके निघून जातात. म्हणून एक ते दहाच मोजायचं, दहा झाले की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं, आणि परत एकपासून. घड्याळाकडे बघायला दुसरं कुणीतरी बसवा.

मोजताना ठोके थोडे पुढेमागे वाटले तर दचकू नका. मूल श्वास आत घेतं तेव्हा नाडी जरा वाढते, सोडतं तेव्हा मंदावते. मुलांत आणि किशोरांत हा फरक चांगला जाणवण्याइतका असतो आणि तो निरोगीपणाचाच भाग आहे. शांतपणे दीर्घ श्वास घ्यायला लावलं की हा ताल स्पष्ट कळतो.

बऱ्या दिवसाचा आकडा लिहून ठेवा

तक्त्यातले पल्ले फार रुंद आहेत. तीन ते पाच वर्षांच्या मुलात ८० ही ठीक आणि १२० ही ठीक. त्यामुळे तक्ता पाहून एवढंच कळतं की मूल त्याच्या वयाच्या मुलांच्या गर्दीत बसतं का. आजारपणात उपयोगी पडतो तो त्याच मुलाचा स्वतःचा नेहमीचा आकडा. तो आजाराच्या रात्री शोधता येत नाही, आधी माहीत असावा लागतो.

मूल बरं असताना दोन वेळा मोजा. एकदा संध्याकाळी, खेळून आल्यावर निदान अर्धा तास गेल्यावर, मांडीवर शांत बसलेलं असताना. दुसऱ्यांदा गाढ झोपेत. तीन-चार दिवस असं केलं की आकडे एका जागी जमतात. ते लसीकरणाच्या कार्डाच्या मागे तारखेसकट लिहा, कारण दवाखान्यात तेच कार्ड बरोबर जातं. लहान मुलांत वर्षभराने पुन्हा मोजावं, आकडा उतरलेला असतो.

तापाची रात्र: एक हिशेब

सिडकोतल्या एका घरातली चार वर्षांची मुलगी घेऊ. कार्डामागे लिहिलेलं आहे: शांत जागी १०४, झोपेत ८६. रात्री नऊला अंग तापलं, काखेतला थर्मामीटर १०२.४ दाखवतो. आई चिमटा लावते, मुलगी रडून हात ओढते, आकडा १५८. आजी म्हणते छाती धडधडतेय बघ, दवाखान्यात न्या.

१५८ हा रडण्याचा आकडा आहे, तो कागदावर लिहायचाच नाही. मुलीला मांडीवर घ्या, गाणं लावा, अंगावरचं जाड पांघरूण काढा आणि १५-२० मिनिटांनी ती जागी पण शांत असताना परत मोजा. आता १३० आला.

आता गणित. ताप दर एक अंश सेल्सिअस वाढला की मुलांची नाडी साधारण १० ठोक्यांनी वाढते. आपल्याकडे थर्मामीटर फॅरनहाइटचा, म्हणून एका फॅरनहाइट अंशाला साडेपाच ठोके धरा. ९८.४ पासून १०२.४ पर्यंत चार अंश, म्हणजे २२ ठोके. नेहमीचे १०४ अधिक २२ म्हणजे १२६. प्रत्यक्षात १३०. जमलं. तक्त्यातल्या १२० पेक्षा आकडा जास्त आहे, तरी हृदयाचं इथे काही वावगं नाही, ते तापाला उत्तर देतंय.

मग डॉक्टरांनी वजनावरून लिहून दिलेल्या मापाने पॅरासिटामॉल दिलं. दीड तासाने ताप ९९.८, मुलगी शांत, नाडी ११५. हिशेबाने ११२ यायला हवी होती. हेही जमलं. तिने पाणी मागितलं, थोडी पेज खाल्ली, लघवी झाली. रात्र घरी काढायला हरकत नाही.

हीच गोष्ट दुसऱ्या वळणाने घ्या. ताप ९९.८ वर उतरला, मुलगी शांत पडून आहे, पण नाडी अजून १४५. आता ताप हे कारण पुरत नाही, दुसरं कारण शोधायला हवं. सगळ्यात नेहमीचं म्हणजे अंगातलं पाणी कमी होणं. सात-आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं आहे, असं दिसेल. छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत रंगावर यायला हवी. रेंगाळली तर रक्ताभिसरण कमी पडतंय. दुसरं कारण श्वासाचं: बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात. तिसरं कारण औषधांच्या डब्यात असतं. दम्यासाठीचा साल्ब्युटामॉलचा नेब्युलायझर किंवा कफाच्या सिरपमधलं तशाच जातीचं औषध नाडी वाढवतं आणि हातही थरथरतात. ते औषध दिलं असेल तर दिल्याची वेळ लिहून ठेवा आणि डॉक्टरांना आधी तेच सांगा.

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या, पाच वर्षांखालच्या तापाच्या मुलांसाठीच्या मार्गदर्शनात सावध होण्याच्या रेषा दिल्या आहेत: वर्षाच्या आत १६० च्या वर, एक ते दोन वर्षांत १५० च्या वर, दोन ते पाच वर्षांत १४० च्या वर. या रेषेपलीकडे मूल गेलं की आजार गंभीरच आहे असं नाही, पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली यायला हवं. आमच्या सिडकोच्या मुलीचा १३० रेषेच्या अलीकडे होता, दुसऱ्या वळणातला १४५ पलीकडे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा जास्त ताप असेल, तर मात्र नाडीचा हिशेब करत बसू नका, सरळ दवाखाना.

वेगळाच वेग

तापाने, रडण्याने वाढलेली नाडी हळूहळू चढते, हळूहळू उतरते आणि मिनिटामिनिटाला बदलते: १५२, १४७, १५५. हृदयातल्या विजेच्या मार्गात बिघाड होऊन सुरू होणारी धडधड तशी नसते. ती एकदम सुरू होते, एकदम थांबते, आणि मधल्या काळात आकडा एकाच जागी खिळलेला असतो. तान्ह्या बाळात २२० च्या वर, मोठ्या मुलात १८० च्या वर, तेही मूल शांत बसलेलं असताना. बाळ दूध ओढत नाही, फिकट पडतं, घामेजतं. मोठं मूल "छातीत काहीतरी फडफडतंय" असं सांगतं. एवढ्या वेगात घरचं यंत्र कधी निम्माच आकडा दाखवतं, कधी रेघच मारतं. अशा वेळी छातीवर हात ठेवा, आणि मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, ज्यात मुलाची छाती आणि यंत्राचा पडदा दोन्ही दिसतील. दवाखान्यात पोहोचेपर्यंत धडधड थांबली, तरी डॉक्टरांना हातात काहीतरी मिळतं. व्हिडिओ काढण्यासाठी निघायला उशीर मात्र करू नका.

मंद नाडीबद्दल लोक कमी विचारतात, आणि मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. श्वासाने बेजार असलेल्या लहान बाळाची नाडी १८० वरून ८० वर आली आणि बाळ सुस्त झालं, तर "उतार पडला" असं समजू नका. ऑक्सिजन कमी पडला की लहान मुलांचं हृदय शेवटी मंदावतं. निळसर ओठ, उठवून न उठणं, धापा टाकता टाकता दमणं, यातलं काही दिसलं तर आकडा बघण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा.

हायस्कूलमधल्या मुलाच्या मनगटावरचं घड्याळ

बारा-तेराच्या पुढे प्रश्न बदलतात. घड्याळ दिवसभर मोजतं, आलेख काढतं, आणि आईच्या फोनवर रात्री सूचना येते: नाडी ४७. नाशिकमध्ये पळणारी पोरं भरपूर आहेत. याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. गोल्फ क्लब मैदानावर सकाळी नियमित धावणाऱ्या मुलाचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, मग ठोके कमी लागतात. अशा मुलाची झोपेतली नाडी पन्नासच्या खाली जाऊ शकते. तो दिवसा ताजातवाना असेल आणि पळताना नाडी नीट वर जात असेल, तर काळजी नको. न पळणाऱ्या, सतत थकलेल्या, चक्कर येणाऱ्या मुलीची जागेपणी ४७ असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे, ईसीजी काढायला हवा.

पळतानाचा आकडा घड्याळावर फारसा विश्वासाने घेऊ नका. पट्टा सैल असला की सेन्सर पावलांचा ताल पकडतो. मुलगा मिनिटाला १७० पावलं टाकत असतो आणि घड्याळ नाडी १७० म्हणून सांगतं. थांबवून मनगटावर हाताने नाडी मोजली की उलगडा होतो. मनगटाच्या हाडापासून एक बोट वर, घट्ट पण न रुतणारा पट्टा लावा. "२२० वजा वय" हे जिममधलं सूत्रही मुलांना लावू नका. दहा वर्षांचा असो की पंधराचा, पूर्ण जोर लावल्यावर नाडी साधारण १९५ ते २०५ च्या आसपासच जाते.

सकाळी अंथरुणातून उठताक्षणी घड्याळ ७० वरून १०० च्या पुढे गेलेलं दिसतं, यावरूनही फोन येतात. किशोरवयात उभं राहिल्यावर ३० ठोके वाढणं हे मोठ्यांइतकं जड धरत नाहीत. म्हणूनच उभं राहिल्यावर नाडी अवाजवी वाढण्याच्या त्रासाचं निदान करताना मोठ्यांसाठी ३० ची रेषा आहे आणि १२ ते १९ वयासाठी ४० ची. घरी बघायचं असेल तर पाच-दहा मिनिटं आडवं झोपवून मोजा, मग आधाराशिवाय उभं करून दोन, पाच आणि दहा मिनिटांनी मोजा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसवा. दहा मिनिटांत वाढ ४० च्या पुढेच राहत असेल आणि गरगरणं, थकवा असं काही महिने चाललं असेल, तर हे आकडे कागदावर लिहून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आदल्या दिवशी नाश्ता चुकवला होता का, पाणी किती प्यायलं, रात्री किती झोप झाली, हेही त्यावर लिहा. परीक्षेच्या दिवसांत बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं.

आकडा काहीही असो, पळता पळता बेशुद्ध पडणं, व्यायाम करताना छातीत दुखणं, किंवा घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणं, यातली एक गोष्ट जरी असेल, तरी मुलाचं मैदान थांबवा आणि हृदयतपासणी होईपर्यंत परत सुरू करू नका.

डॉक्टरांना फोन लावताना नुसतं "नाडी १४५ आहे" असं सांगू नका. असं सांगा: "वय चार, ताप ९९.८, शांत जागी आहे, हाताने मोजलेली नाडी १४५, एरवी १०४ असते, लघवी दुपारी तीनला झाली, कफाचं सिरप सातला दिलं." एवढं ऐकल्यावर मुलीला आत्ता आणायचं की सकाळी, हे त्यांना फोनवरच ठरवता येतं.